जसंच्या तसं द्यायचं की आपल्या शब्दांत? बातमीतल्या विधानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात नव्याने बातमी लिहायला लागलेल्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. समोरच्याचं बोलणं अवतरणचिन्हांत कधी ठेवायचं, कधी आपल्या शब्दांत सांगायचं आणि लांबलेलं बोलणं छोटं करताना त्याचा अर्थ कसा सांभाळायचा, एवढाच विषय आहे. उदाहरणांतली विधानं समजावण्यासाठी रचलेली आहेत, ती कोणा खऱ्या माणसाची नाहीत. बोलण्याची धाटणी मात्र लासलगावच्या लिलावात किंवा महापालिकेच्या राजीव गांधी भवनात रोज कानावर पडते तशीच ठेवली आहे.

कोणतं बोलणं अवतरणात ठेवायचं आणि कोणतं आपल्या शब्दांत सांगायचं?

आधी पूर्ण बोलणं समोर ठेवू. लासलगाव बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाल्यावर निफाड तालुक्यातला एक शेतकरी ट्रॅक्टरला टेकून बोलतो आहे:

"बघा, आज अकराशेनं गेला माझा कांदा. काढायला मजूर, चाळीत भरायला मजूर, इथवर आणायला गाडीभाडं, हे सगळं धरलं तर हातात काहीच राहत नाही. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचाही माल पुढं गेला पाहिजे ना. पण निर्यातीचं हे मधेच बंद, मधेच चालू केलं की आमचं गणित बसत नाही. असं वाटतं, पुढल्या साली कांदा लावायचाच नाही. आता लावणारच नाही असं काही नाही, कारण दुसरं लावणार काय? द्राक्षाला भांडवल लागतं, ते कुठून आणायचं?"

यातलं पहिलं वाक्य निव्वळ माहिती आहे. भाव किती मिळाला हे त्याच्या हातातल्या हिशेबाच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ती बघायला मागा, आकडा पडताळा आणि मग तो स्वतःच्या शब्दांत, पूर्ण लिहा. 'अकराशेनं' म्हणजे क्विंटलला अकराशे, हे निफाडच्या वाचकाला कळेल, पण शहरातल्या वाचकाला कळेलच असं नाही. पडताळता येणारी माहिती अवतरणात ठेवली, तर तिची जबाबदारी नकळत बोलणाऱ्यावर ढकलली जाते. ती जबाबदारी बातमीदाराची आहे.

खर्चाचं वाक्यही आपल्या शब्दांत चालतं. ते त्याच्या हिशेबाचं सार आहे आणि कमी शब्दांत नीट सांगता येतं.

'मधेच बंद, मधेच चालू' हे मात्र त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. त्यात त्याचं मत आहे, रोख कोणावर आहे ते आहे, आणि आपण कितीही प्रयत्न केला तरी त्याहून नेमकं लिहू शकत नाही. पुढल्या सालाबद्दलची वाक्यंही तशीच ठेवायची, कारण तिथे तो स्वतःशीच झगडतो आहे आणि ती ओढाताण त्याच्या शब्दक्रमातच आहे. 'पुढील वर्षी कांदा लागवडीबाबत ते साशंक आहेत' असं लिहिलं की माणूस गेला आणि साशंकता उरली.

थोडक्यात, माहिती आपल्या शब्दांत. मत, अनुभव, आरोप, वचन आणि ज्या शब्दांवरून उद्या वाद होऊ शकतो ते शब्द अवतरणात. अधिकाऱ्याने 'महिनाअखेर काम पूर्ण करू' म्हटलं असेल, तर ते वचन आहे. ते शब्दशः ठेवा. महिना संपल्यावर त्याच शब्दांकडे परत जावं लागतं.

मग हे बोलणं छापताना कसं दिसेल?

साधारण असं:

त्यांच्या कांद्याला क्विंटलमागे १,१०० रुपये भाव मिळाला. मजुरी आणि गाडीभाड्याचा खर्च धरता हातात काहीच उरत नसल्याचे त्यांनी सांगितले. व्यापाऱ्यांना आपण दोष देत नसल्याचे सांगून ते म्हणाले, "निर्यातीचं हे मधेच बंद, मधेच चालू केलं की आमचं गणित बसत नाही." पुढच्या हंगामाबद्दल ते म्हणाले, "असं वाटतं, पुढल्या साली कांदा लावायचाच नाही. आता लावणारच नाही असं काही नाही, कारण दुसरं लावणार काय?"

द्राक्षाचं वाक्य इथे गाळलं आहे. ते गाळल्याने 'दुसरं लावणार काय?' या प्रश्नातली अगतिकता कमी होत नाही, फक्त तिचं एक कारण कमी होतं. हीच बातमी कांद्याकडून द्राक्षाकडे वळण्याबद्दल असती, तर मात्र तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं ठरलं असतं. गाळायचं काय हे बोलण्यावर जितकं अवलंबून असतं तितकंच बातमीच्या विषयावरही.

व्यापाऱ्यांबद्दलचं वाक्य जागेअभावी काढावंसं वाटेल. काढू नका. भाव पडल्याची बातमी वाचताना वाचकाच्या मनात व्यापारी आपोआप दोषी ठरतो. हा शेतकरी स्वतःहून सांगतो आहे की माझा राग तिकडे नाही. ते वाक्य गाळलं तर छापलेला प्रत्येक शब्द त्याचाच असूनही माणूस वेगळंच बोलल्यासारखा दिसेल. शिवाय त्याला उद्या त्याच आवारात, त्याच व्यापाऱ्यांसमोर ट्रॅक्टर उभा करायचा आहे.

कापताना अर्थ नेमका कुठे बिघडतो?

बहुतेक वेळा शेपटाशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. बोलणाऱ्याने आधी एक अख्खं विधान करायचं आणि शेवटच्या दोन शब्दांत ते फिरवायचं, हे आपल्या बोलण्यात सतत होतं.

समजा, सिंहस्थाच्या तयारीबद्दल बोलताना रामकुंडावर एका अधिकाऱ्याला कोणीतरी पाण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "पाणी अंघोळीला योग्य नाही असं आज मी म्हणणार नाही, नमुन्यांचा अहवाल आला की बोलू." यातले पहिले चार शब्द, 'पाणी अंघोळीला योग्य नाही', अवतरणात टाकले तर शब्द खरे आणि विधान साफ खोटं. अधिकाऱ्याने ना होकार दिला होता, ना नकार. तो मत राखून ठेवत होता. त्याचं मत राखून ठेवणं हीच बातमी आहे, आणि ते पटत नसेल तर अहवाल कधी येणार, नमुने कधी घेतले, हे पुढचे प्रश्न विचारायचे असतात.

दुसरी जागा म्हणजे अट. 'हे सगळं धरलं तर हातात काहीच राहत नाही' यातलं 'हे सगळं धरलं तर' काढलं की शेतकऱ्याला एक पैसाही मिळाला नाही असा अर्थ निघतो. पैसे मिळाले, खर्च वजा जाता उरले नाहीत. 'निधी आला तर', 'पाऊस झाला तर', 'वरून आदेश आला की' हे तुकडे बोलताना सुरुवातीला, हलक्या आवाजात येतात आणि टंकताना सहज निसटतात.

तिसरी जागा बोलणाऱ्याच्या खात्रीची. 'असं वाटतं', 'माझ्या माहितीप्रमाणे', 'बहुतेक', 'ऐकलंय म्हणून सांगतो'. हे शब्द भरताड वाटतात, पण माणूस आपल्या विधानामागे किती ठाम उभा आहे हे त्यांतूनच कळतं. शेतकऱ्याच्या बोलण्यातलं 'असं वाटतं' काढलं तर उरतो निर्धार: पुढल्या साली कांदा लावायचाच नाही. त्याने निर्धार केलेला नाही.

'काय आहे ना', 'बरं का', 'म्हणजे', तोच शब्द दोनदा, अर्धवट सोडून पुन्हा सुरू केलेलं वाक्य, हे बिनधास्त काढा. त्यासाठी तीन टिंबांचीही गरज नाही.

अर्थ बदलला की नाही, हे कसं तपासायचं?

एक पद्धत आहे. वेळ पाच-दहा मिनिटं लागतो, पण वादग्रस्त विधानासाठी ती मिनिटं काढलीच पाहिजेत.

कापण्याआधी पूर्ण बोलणं ऐका आणि एका ओळीत, आपल्या शब्दांत लिहा: हा माणूस काय म्हणतो आहे? आपल्या उदाहरणात ती ओळ अशी होईल: 'भाव परवडत नाही, दोष धोरणातल्या धरसोडीचा आहे, कांदा सोडावासा वाटतो पण पर्याय नाही.' ही ओळ बाजूला ठेवा. मग विधान कापा. कापलेलं विधान ज्याने मूळ रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही अशा सहकाऱ्याला द्या आणि त्यालाही एक ओळ लिहायला सांगा. त्याने 'शेतकरी कांदा सोडणार' असं लिहिलं, तर काटछाट फसली. दोन ओळी शब्दाला शब्द जुळायला नकोत, पण बोलणारा कोणावर चिडला आहे, किती ठाम आहे आणि कशाच्या अटीवर बोलतो आहे, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

सहकारी हाताशी नसेल, तर रेकॉर्डिंगमध्ये कापलेल्या जागेच्या अर्धा मिनिट आधीपासून अर्धा मिनिट नंतरपर्यंत पुन्हा ऐका. नुसता टंकलेला मजकूर वाचू नका. आवाजातला उपहास कागदावर येत नाही. 'वा, महापालिकेने फारच छान काम केलंय' हे वाक्य खड्ड्यासमोर उभं राहून कोणी म्हटलं असेल, तर ते अवतरणात प्रशंसा म्हणून जाईल. अशा वेळी विधान सोडून द्या किंवा ते कोणत्या सुरात आलं हे स्पष्ट लिहा.

मधला भाग गाळला तर तीन टिंबं द्यायची का?

द्यावीत, पण शक्यतो ती वेळ येऊ देऊ नये. मराठी छपाईत तीन टिंबं रेंगाळलेल्या सुरासाठी, भावनेसाठी, अपुऱ्या वाक्यासाठी, कशासाठीही वापरली जातात. त्यामुळे वाचकाला ती दिसली तरी इथे काही गाळलं आहे असं वाटत नाही, बोलणारा थांबला असं वाटतं.

त्यापेक्षा अवतरण बंद करा, मधे आपलं एक वाक्य घाला आणि पुन्हा उघडा. वरच्या नमुन्यात 'पुढच्या हंगामाबद्दल ते म्हणाले' हे वाक्य तेच काम करतं. इथे उडी मारली आहे, हे वाचकाला न सांगता समजतं. टिंबं वापरायचीच असतील तर ती एकाच वाक्यातला निरुपद्रवी तुकडा गाळताना वापरा. 'पण', 'तर', 'नाहीतर' अशा शब्दांवरून उडी मारणारी टिंबं मला दिसली की मी मूळ रेकॉर्डिंग मागते.

वेगवेगळ्या वेळी बोललेली दोन वाक्यं एकाच अवतरणात जोडली तर चालतात का?

नाही. एका अवतरणचिन्हांच्या जोडीत आलेली वाक्यं सलग बोलली गेली, असं वाचक धरून चालतो. पहिलं वाक्य भावाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर असेल आणि दुसरं वीस मिनिटांनी विजेबद्दल विचारल्यावर आलेलं असेल, तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक तिसरंच विधान तयार होतं. क्रम उलटा करणंही त्यातच आलं. आधीचं नंतर आणायचं असेल तर दोन वेगळी अवतरणं करा.

याच्या जवळचा आणि जास्त वेळा घडणारा प्रकार म्हणजे आपल्या प्रश्नाचे शब्द समोरच्याच्या तोंडी घालणं. बातमीदार विचारतो, "याला भ्रष्टाचार म्हणायचं का?" समोरचा नगरसेवक म्हणतो, "हो, म्हणता येईल." दुसऱ्या दिवशी छापून येतं: 'हा भ्रष्टाचार आहे', अमुक यांचा आरोप. तो शब्द नगरसेवकाने उच्चारलाच नव्हता. 'याला भ्रष्टाचार म्हणता येईल का, असे विचारले असता त्यांनी होकार दिला' एवढंच लिहिता येतं. ते कमी झणझणीत आहे हे खरं, पण घडलं तेवढंच आहे. टोकदार विधान हवं असेल तर मोकळा प्रश्न विचारा, 'या प्रकाराला तुम्ही काय म्हणाल?', आणि उत्तराची वाट बघा.

बोलीतलं बोलणं प्रमाण भाषेत आणायचं का?

यावर प्रत्येक वर्तमानपत्राची पद्धत वेगळी आहे. अनेक मराठी दैनिकांत बातमीची भाषा 'केले, गेले' अशी लेखी असते आणि अवतरणातलं 'केलंय'सुद्धा 'केले आहे' होऊन येतं. हा बदल सरसकट आणि वाचकाच्या सवयीचा असल्याने त्याने अर्थ हलत नाही. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा नियम याहून कडक आहे: व्याकरणाची छोटी चूकही अवतरणात दुरुस्त करायची नाही. मराठीत बोली आणि लेखी भाषेत अंतर मोठं असल्याने तो नियम जसाच्या तसा पाळणं अवघड जातं.

माझा आग्रह एवढाच की जे काही कराल ते सगळ्यांसाठी सारखं करा. शेतकऱ्याचं 'पुढल्या साली' तसंच ठेवायचं आणि प्रांताधिकाऱ्याचं "सर्व्हे चालूये, लिस्ट आली की बघू" हे 'सर्वेक्षण प्रगतिपथावर असून यादी प्राप्त होताच कार्यवाही करण्यात येईल' असं करून छापायचं, हा अन्याय आहे. आणि तो दोन्हीकडून आहे. शेतकरी गावंढळ दिसतो आणि अधिकारी आहे त्याहून कामसू. 'बघू' आणि 'कार्यवाही करण्यात येईल' यांत वचनाचा फरक आहे, नुसता भाषेचा नाही. अधिकाऱ्याने कार्यवाहीचं वचन दिलंच नव्हतं.

माणूस अहिराणीत किंवा हिंदीत बोलला असेल तर?

सटाणा, मालेगाव भागात हा रोजचा प्रश्न आहे. भाषांतर केलेलं बोलणं शब्दशः असू शकत नाही, म्हणून पहिली पसंती आपल्या शब्दांना. अवतरणात द्यायचंच असेल तर तो अहिराणीत बोलला हे एकदा लिहा आणि भाषांतर ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. वाक्य छोटं आणि मराठी वाचकाला सहज उमगणारं असेल, तर मूळ भाषेतच छापणं सगळ्यात चांगलं.

विधानातच चूक असेल तर ती दुरुस्त करायची का?

अवतरणाच्या आत अजिबात नाही.

याचं उत्तम उदाहरण कांद्याचंच आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव थांबले. निर्यातबंदी आली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात, ८ तारखेपासून, आणि उठली ४ मे २०२४ रोजी. पण ऑगस्टमध्येसुद्धा कोणी शेतकरी सहज म्हणून जाईल, "सरकारनं निर्यात बंद केली." त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण ४० टक्के शुल्क भरून परदेशात माल खपणं अवघडच. तांत्रिकदृष्ट्या मात्र ते चुकीचं आहे.

आता तीन वाटा आहेत. 'बंद केली' खोडून अवतरणात 'शुल्क लावले' घातलं, तर त्याने न उच्चारलेले शब्द त्याच्या नावावर जातात. विधान तसंच सोडून दिलं, तर वाचकाला चुकीची माहिती मिळते आणि 'तो म्हणाला, मी नाही' हा बचाव लंगडा आहे. तिसरी वाट बरोबर: माहितीचा भाग आपल्या शब्दांत बरोबर सांगा ('४० टक्के निर्यातशुल्कामुळे निर्यात ठप्प झाल्याचे शेतकरी सांगतात') आणि अवतरणासाठी त्याच्या बोलण्यातला दुसरा, अनुभवाचा भाग निवडा. चूक असलेलं वाक्य घेणं अटळच असेल, तर लगेच पुढच्या वाक्यात, अवतरणाबाहेर वस्तुस्थिती लिहा.

सर्वनामांचंही असंच. 'त्यांनी आम्हाला फसवलं' यातलं 'त्यांनी' कोण, हे कंसात घुसवण्यापेक्षा अवतरणाच्या आधीच्या वाक्यात सांगा. कंसातलं नाव बोलणाऱ्याने घेतलं की आपण घातलं, हे वाचकाला कळत नाही. आरोपाच्या वाक्यात तर हा फरक फार मोठा आहे. 'त्यांनी' म्हणजे नेमकं कोण, हे बोलणाऱ्याला तिथेच विचारून घ्या.

आपल्या शब्दांत लिहिताना काय चुकतं?

आपल्या शब्दांत लिहिलं म्हणजे सैल लिहायला मोकळीक मिळाली, असा समज आहे. उलट इथे जास्त जपावं लागतं, कारण वाचकाला मूळ शब्द दिसतच नाहीत.

'अध्यक्षांनी सांगितले की मी राजीनामा देणार नाही' हे वाक्य घ्या. अवतरणचिन्हं नाहीत, तरी ते हुबेहूब त्यांचं बोलणं वाटतं, कारण मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचं 'मी' तसंच राहतं. प्रत्यक्षात ते म्हणाले असतील, "राजीनाम्याचा प्रश्नच कुठे येतो?" म्हणजे सारांश म्हणून लिहिलेलं वाक्य शब्दशः म्हणून वाचलं जाणार. सारांशच द्यायचा असेल तर 'राजीनाम्याची शक्यता अध्यक्षांनी फेटाळली' किंवा 'राजीनामा देणार नसल्याचे अध्यक्षांनी सूचित केले' अशी रचना करा. तीत हे बातमीदाराचे शब्द आहेत, हे दिसतं.

क्रियापदही जपून निवडा. 'म्हणाले' आणि 'सांगितले' कोणाची बाजू घेत नाहीत. 'कबूल केले' म्हटलं की गुन्हा गृहीत धरला जातो, 'स्पष्ट केले' म्हटलं की सांगणारा खरा ठरतो. आणि प्रसिद्धिपत्रकातून उचललेल्या मजकुराला 'म्हणाले' लावू नका. तिथे कोणी बोललेलं नसतं, 'पत्रकात म्हटले आहे' एवढंच खरं.

मथळ्यात विधान घेताना वेगळं काही?

मथळ्यात पाच-सहा शब्द मावतात, म्हणून अर्थ सर्वांत जास्त तिथेच तुटतो. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांत यावर थेट सांगितलं आहे: मथळ्यात आरोप असेल तर तो कोणी केला हे द्यावं, निदान अवतरणचिन्हं तरी असावीत. आपल्या शेतकऱ्यासाठी 'कांदा लावायचाच नाही' हा मथळा चिन्हं देऊनही चुकीचाच. 'कांदा सोडावासा वाटतो, पण लावणार काय?' हा बरोबर, पण हे शब्द आपले आहेत, म्हणून त्याला अवतरणचिन्हं नकोत.

एकच शब्द चिन्हांत घालण्याची सवयही सोडा. मथळ्यातली 'लूट' कोणाचा तरी शब्द आहे की बातमीदाराचा टोमणा, हे वाचकाला ठरवता येत नाही.

अवतरणचिन्हं दिली की कायद्याने आपण सुटतो ना?

सुटत नाही. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. एखाद्याचा आरोप छापणाराही त्या कक्षेत येऊ शकतो, शब्द मूळचे कोणाचे होते हे एकटं कारण पुरत नाही. आरोप असेल तर ज्याच्यावर आहे त्याची बाजू विचारा आणि विचारल्याचं बातमीत लिहा.

शब्द बदलण्याबद्दल अमेरिकेतला एक खटला वाचण्यासारखा आहे. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकाने 'न्यू यॉर्कर' आणि लेखिका जॅनेट माल्कम यांच्यावर दावा लावला होता, की अवतरणात छापलेले शब्द आपण बोललोच नव्हतो. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शब्दांत बदल केला एवढ्यावरून विधान खोटं ठरत नाही, त्या बदलाने अर्थात ठळक फरक पडला तर ठरतं. पुढे ज्यूरीचा निकाल माल्कम यांच्या बाजूने लागला. तो कायदा आपल्याला लागू नाही. शिवाय कोर्टात तग धरण्यापुरती ती कसोटी आहे, बातमी लिहायला मला ती अपुरी वाटते. अवतरणात बोलणाऱ्याचेच शब्द असावेत आणि बदल हवा असेल तर चिन्हं काढावीत, ही सोपी वाट हाताशी असताना अर्थ 'ठळक' बदलला की 'किंचित' याचा वाद ओढवून का घ्यायचा?

रेकॉर्डिंग नाही, फक्त वहीतली नोंद आहे. मग?

त्याच क्षणी शब्दशः टिपलेलं असेल तेवढंच अवतरणात घ्या. म्हणून वहीतच फरक करायची सवय लावा: हुबेहूब टिपलेल्या शब्दांना तिथेच अवतरणचिन्हं द्या, सारांश असेल तर देऊ नका. घरी येऊन आठवणीने लिहिलेलं सगळं आपल्या शब्दांत. लिलावाच्या गलक्यात फोन खिशात ठेवून केलेलं रेकॉर्डिंगही बहुधा निरुपयोगी निघतं. माणसाला चार पावलं बाजूला, ट्रॅक्टरच्या रांगेमागे घेऊन जा आणि फोन हातात धरा. संख्या ऐकल्यावर ती परत म्हणून दाखवा, "अकराशे ना?", म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ती दोनदा येते.

छापण्याआधी विधान बोलणाऱ्याला वाचून दाखवावं का?

विषय तांत्रिक असेल, माणूस पहिल्यांदाच पत्रकाराशी बोलत असेल किंवा काटछाट मोठी केली असेल, तर जरूर दाखवा. पूर्ण बातमी नाही, त्याच्या नावावर जाणारी वाक्यं तेवढी. फोन करून, कापलेलं विधान जसं छापणार तसं वाचा आणि विचारा, "तुम्हाला हेच म्हणायचं होतं का?" 'हे मी बोललो का' याहून हा प्रश्न वेगळा आहे. अर्धवट कापलेल्या वाक्यालाही माणूस 'हो, बोललो होतो' म्हणेल.

त्यावर तो म्हणाला, 'मी व्यापाऱ्यांबद्दलही काही बोललो होतो', तर तो चूक दाखवतो आहे. ते वाक्य परत घ्या. तो म्हणाला, 'सरकारबद्दलचं काढा, उगाच भानगड नको', तर तो विचार बदलतो आहे. नेत्याने किंवा अधिकाऱ्याने असं म्हटलं तर विधान राहील, हे त्याला सभ्यपणे सांगा. शेतकरी, रुग्णाचा नातेवाईक, शाळकरी मुलाची आई यांच्या बाबतीत मी नाव काढून विधान ठेवण्याचा पर्याय आधी देते. तेही नको असेल तर वाक्य सोडते आणि त्याच आवारात दुसऱ्या कोणाशी तरी बोलते.